स्थिर फोटो किंवा चित्र हलतं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक फोटो किंवा एक रेखाटन द्यायचं आणि त्यातून काही सेकंदांचा व्हिडिओ काढायचा, एवढ्याच कामाबद्दलचे हे प्रश्न आहेत. रनवे, क्लिंग, लुमा, व्हेओ यांसारख्या ऑनलाइन सेवा वापरा किंवा स्वतःच्या संगणकावर चालणारं वान वापरा, अडचणी जवळपास सारख्याच येतात, कारण त्यांचं मूळ एकच आहे. फोटोत जे दिसत नाही ते साधनाला स्वतःच्या मनाने भरावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

ही साधनं फोटोतली वस्तू हलवतात म्हणजे नेमकं काय करतात?

फोटोतलं काहीच ती हलवत नाहीत. तुमचा फोटो पहिली फ्रेम म्हणून धरतात आणि त्यापुढचं सगळं नव्याने रंगवतात. साधनामागचं मॉडेल प्रचंड प्रमाणात व्हिडिओ पाहून शिकलेलं असतं. पडदा असा दिसला की तो पुढे कसा हलतो, माणूस असा बसला असला की त्याचे खांदे श्वासाबरोबर कसे वर-खाली होतात, याचा अंदाज त्याला असतो. त्या अंदाजावरून ते निव्वळ गोंगाटातून, म्हणजे विस्कटलेल्या ठिपक्यांतून, हळूहळू चित्रं साफ करत आणतं, आणि तेही एकेक फ्रेम करून नाही, तर पूर्ण क्लिप एकदम.

हे काम मूळ पिक्सेलवर होत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आधी चित्र आक्रसलं जातं. अलीबाबाने २०२५ मध्ये खुलं केलेलं वान २.१ घ्या. त्याची नेहमीची क्लिप ८१ फ्रेमची, सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे साधारण पाच सेकंदांची. त्यात चित्राचा ८ × ८ पिक्सेलचा चौकोन एका घरात मावतो आणि पहिली फ्रेम सोडून पुढच्या दर चार फ्रेम मिळून एक होते, त्यामुळे ८१ फ्रेमच्या जागी २१च उरतात. मॉडेल विचार करतं ते या आक्रसलेल्या रूपात. शेवटी ते पुन्हा पसरवून पिक्सेल केले जातात. बारीक तपशील का हरवतो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पूर्वीच्या ‘फोटो जिवंत करा’ ॲपपेक्षा हे वेगळं कसं?

२०२१ मध्ये मायहेरिटेजचं डीप नॉस्टॅल्जिया गाजलं होतं. त्यात आधीच चित्रित केलेल्या दुसऱ्या माणसाच्या हालचाली तुमच्या फोटोतल्या चेहऱ्यावर चढवल्या जायच्या. म्हणून प्रत्येकाचे पूर्वज एकाच तऱ्हेने मान वळवून हसताना दिसत. ती पद्धत चेहऱ्यापुरतीच होती, पण तिथे हालचाल तरी ठरलेली असायची. आताच्या साधनांत चेहरा, कपडे, पाणी, झाडं, कॅमेरा असं सगळं हलू शकतं, आणि हालचाल कशी होईल हे तुम्ही फक्त सुचवू शकता.

कोणता फोटो चांगला चालतो?

ज्या फोटोत हलण्याजोगी गोष्ट पूर्ण दिसते आणि ती हलल्यावर मागचं काही नवं उघडं पडत नाही, तो. धूर, पाणी, ढग, ज्योत, गवत, सैल कापड, मोकळे केस यांवर ही साधनं फारच छान काम करतात. धुराचं वळण थोडं चुकलं तरी ते चुकलं असं कोणाला म्हणता येत नाही. चालणाऱ्या माणसाचे पाय चुकले तर मात्र लहान मुलालाही कळतं.

माणसांच्या फोटोत मी सगळ्यात आधी चेहऱ्याचा आकार पाहते. एकटा माणूस, कमरेपासून वर, चेहरा बराचसा समोर, हे सोपं. बारा-पंधरा जणांचा समूहफोटो हे सर्वांत अवघड. त्यानंतर पाहते ते हात. बोटं एकमेकांत गुंतलेली असतील, हात दुसऱ्याच्या खांद्यामागे गेलेला असेल किंवा पदराआड अर्धा झाकला असेल, तर त्या हाताला हलायला लावू नये. झाकलेल्या भागात किती बोटं आहेत हे मॉडेलला माहीत नसतं. हात बाहेर आला की ते अंदाजाने बोटं काढतं.

तोंड मिटलेलं असेल तर ते मिटलेलंच राहू द्या. फोटोत न दिसलेले दात व्हिडिओत दिसले, तर ते त्या माणसाचे नसतात. तीच गोष्ट मान वळवण्याची. समोरून काढलेल्या फोटोतली व्यक्ती पूर्ण बाजूला वळली की नाकाचा उंचवटा, कानाचा आकार, मागचा अंबाडा असं सगळं कल्पनेतलं असतं. अनोळखी प्रेक्षकाला काही खटकणार नाही, पण घरच्या माणसाला ताबडतोब परकं वाटेल.

फोटो देण्याआधी काय तयारी करावी?

कापाकापी स्वतः करा. बहुतेक साधनांचे आकार ठरलेले असतात, १६:९ किंवा ९:१६ किंवा चौरस. वेगळ्या आकाराचा फोटो दिला की साधन तो स्वतःच कापतं, किंवा कडेला काळ्या पट्ट्या लावतं, आणि मग कधी कधी त्या पट्ट्याही चित्राचा भाग समजून त्यांत काहीतरी रंगवतं. जुन्या फोटोची पांढरी चौकट स्कॅनमध्ये आली असेल तर तीही काढून टाका.

ओरखडे आणि डाग आधी पुसा. उभा ओरखडा मॉडेलला पावसाची धार किंवा तार वाटू शकतो, पांढरट डाग धुक्यासारखा पसरू लागतो. मात्र चेहरा ‘सुधारून’ देणारे फिल्टर इथे लावू नका. ते चेहरा आधीच थोडा बदलतात, आणि व्हिडिओत त्यावर आणखी एक बदल चढतो. रंग भरायचे असतील तर तेही व्हिडिओनंतर ठरवा. कृष्णधवल फोटो कृष्णधवलच देणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

चेहरा दोन-तीन सेकंदांत दुसऱ्याच माणसाचा का होतो?

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे. याचं कारण आकड्यांतून चटकन दिसतं. समजा क्लिप ८३२ × ४८० पिक्सेलची आहे आणि त्यात चेहरा ८० पिक्सेल रुंद आहे. आक्रसल्यावर तो १० घरं रुंद उरतो. डोळा साधारण चेहऱ्याच्या पाचव्या भागाएवढा, म्हणजे १६ पिक्सेल, म्हणजे दोन घरं. दोन घरांत पापणीचा बाक, बुबुळाची जागा, डोळ्याखालची सुरकुती काय मावणार? मूळ फोटोच्या जवळच्या फ्रेममध्ये मॉडेल निदान त्याचा आधार घेऊ शकतं. डोकं हललं, प्रकाश बदलला, पापणी मिटून उघडली की त्याला डोळा पुन्हा काढावा लागतो, आणि मग ते सर्वसाधारण डोळा काढतं. म्हणून बदललेले चेहरे बहुधा तरुण, गुळगुळीत आणि एकमेकांसारखे दिसतात. तीळ, किंचित तिरका दात, एका भुवईतली खाच हे आधी जातं, कारण ते सर्वसाधारण नसतं.

उपाय यातूनच निघतात. चेहरा फ्रेममध्ये मोठा येईल असं कापा. साधन देत असेल ते मोठं रिझोल्यूशन घ्या. डोकं फार हलवू नका. नंतर रिझोल्यूशन वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून क्लिप काढली तर चेहरा धारदार होतो, पण हरवलेली ओळख परत येत नाही. दुसराच माणूस अधिक स्पष्ट दिसतो इतकंच.

तपासायची पद्धत सोपी आहे. क्लिप चालू असताना डोळा फसतो, कारण बदल सावकाश होतो. आदेश लिहून चालवायच्या ffmpeg या मोफत साधनाने पहिली आणि शेवटची फ्रेम काढून शेजारी ठेवा:

```
ffmpeg -i clip.mp4 -frames:v 1 first.png
ffmpeg -sseof -1 -i clip.mp4 -update 1 last.png
```

डोळ्यांमधलं अंतर, जबड्याची कड, केसांची रेषा आणि एखादी खास खूण, एवढं पाहिलं तरी पुरतं.

प्रॉम्प्टमध्ये काय लिहावं?

हालचाल लिहावी, चित्र नाही. चित्र मॉडेलसमोर आहेच. ‘खिडकीजवळ बसलेली सुंदर स्त्री’ असं लिहिलं की ‘सुंदर’ हा शब्दच चेहरा बदलायला लावतो. काय हलेल, किती हलेल, काय स्थिर राहील आणि कॅमेरा काय करेल, एवढं चार-पाच लहान वाक्यांत पुरतं. यांतली बहुतेक मॉडेलं इंग्रजीत जास्त नीट ऐकतात, त्यामुळे प्रॉम्प्ट इंग्रजीत दिलेला बरा.

नकार टाळा. ‘कॅमेरा हलवू नको’ यात मॉडेलच्या कानी पडतो तो ‘कॅमेरा हलव’ हाच भाग. त्याऐवजी कॅमेरा स्थिर आहे असं सरळ लिहा. नको असलेल्या गोष्टींसाठी काही साधनांत `negative prompt` अशी वेगळी चौकट असते, त्या तिथे टाका. काही सेवा तुमचा प्रॉम्प्ट आपणहून फुलवून लिहितात. ती सोय बंद करता येत असेल तर जुन्या फोटोंसाठी बंद करा, नाहीतर मागितलं नसताना हसू, वारा आणि झूम एकदम येतात.

एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं होतं, ते सांगाल का?

एक कृष्णधवल फोटो घेऊ. खिडकीजवळ खुर्चीत बसलेली वयस्कर स्त्री, मांडीवर उघडं पुस्तक, दोन्ही हात पुस्तकावर, मागे पातळ पडदा, भिंतीवर छापील कॅलेंडर. प्रिंट सहा बाय चार इंचांची, स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे ३६०० × २४०० पिक्सेल. चेहरा स्कॅनमध्ये ४२० पिक्सेल रुंद.

क्लिप १२८० × ७२० ची काढायची आहे. पूर्ण रुंदी ठेवली तर चेहरा जेमतेम दीडशे पिक्सेलचा होतो. त्याऐवजी पुस्तकापासून कॅलेंडरपर्यंतचा २४०० × १३५० पिक्सेलचा तुकडा कापला, तर तोच चेहरा २२४ पिक्सेलचा होतो. आक्रसल्यावर १९ ऐवजी २८ घरं. खुर्चीचे पाय आणि रिकामी भिंत गेली, चेहरा मिळाला. हा सौदा मी नेहमी करते.

प्रॉम्प्ट असा:

```
Static locked-off camera. A light breeze slowly moves the thin
curtain. The woman breathes gently and blinks once. Her hands
stay still on the open book. Black and white photograph.
```

आलेली क्लिप पहिल्यांदा पाहिली की मन हरखून जातं. पडदा सुंदर हलतो, खांदे श्वासाबरोबर उचलतात. मग थांबून थांबून पाहायचं. पडदा हलतो म्हणून मॉडेलने पुस्तकाचं पानही वाऱ्यावर उचललेलं असतं, आणि पान उचलताना उजव्या हाताची दोन बोटं त्यात मिसळून गेलेली असतात. कॅलेंडरवरचे आकडे पोहत असतात. चेहरा निम्म्या क्लिपपर्यंत चांगला टिकतो, त्यानंतर डोळ्यांखालच्या सुरकुत्या हळूहळू पुसल्या जातात.

इथे पुन्हा पुन्हा नवी क्लिप काढत बसण्याचा मोह होतो. सीड नावाचा सुरुवातीचा आकडा बदलून काही प्रयत्न जरूर करावेत, कारण तो बदलला की सुरुवातीचा गोंगाट बदलतो आणि हालचाल वेगळी येते. पण पडदा, हात, आकडे आणि चेहरा हे सगळं एकाच क्लिपमध्ये बरोबर येण्याची वाट पाहू नये. आलेल्या क्लिपमधून चांगलं तेवढं उचलावं.

कॅमेरा स्थिर असल्यामुळे मूळ फोटो आणि व्हिडिओ एकमेकांवर बरोबर बसतात. व्हिडिओ एडिटरमध्ये खालच्या थरात मूळ फोटो ठेवायचा, वर क्लिप, आणि क्लिपला मास्क लावून फक्त पडदा, डोकं आणि खांदे दिसू द्यायचे. हात, पुस्तक आणि कॅलेंडर मूळ फोटोतलेच राहतात, म्हणजे अगदी खरे. मास्कची कड मऊ ठेवायची आणि ती सपाट, अंधाऱ्या भागातून न्यायची. मनगटाच्या मधून कड गेली तर वरचा हात श्वासाबरोबर हलेल आणि खालचा थिजलेला दिसेल. ती कोपराच्या वर, बाहीच्या सावलीत लपवलेली बरी.

आता दोन गोष्टी उरतात. मूळ फोटोत दाणेदारपणा आहे आणि व्हिडिओ गुळगुळीत आहे, त्यामुळे मास्कची हद्द डोळ्यांना जाणवते. मूळ फोटोतला दाणा थोडा मऊ करून शेवटी पूर्ण फ्रेमवर एकसारखा नवा दाणा चढवला की ती हद्द नाहीशी होते. दुसरं, क्लिपचा चांगला भाग पहिल्या ४० फ्रेमचा, म्हणजे अडीच सेकंदांचाच आहे. तो सरळ चालवून मग उलटा चालवला की पाच सेकंद होतात. श्वास, पडदा आणि पापणी उलट्या दिशेनेही खऱ्या वाटतात. शेवटी १६ फ्रेमचा वेग ३२ करायला मधल्या फ्रेम भरणारं सॉफ्टवेअर वापरायचं, राइफ हे त्यांतलं प्रचलित नाव. बरोबर दुप्पट केलं की दर दोन फ्रेममध्ये एकच नवी भरावी लागते, म्हणून २४ पेक्षा ३२ सोपं जातं.

सरळ-उलट चालवण्याची युक्ती सगळीकडे चालते का?

नाही. दिशा असलेली कोणतीही हालचाल उघडी पडते. धूर खाली उतरतो, धबधबा वर चढतो, माणूस मागे चालतो. हेलकावे खाणाऱ्या गोष्टींसाठी मात्र ती उत्तम आहे:

```
ffmpeg -i clip.mp4 -filter_complex "[0:v]split[a][b];[b]reverse[r];[a][r]concat=n=2:v=1[v]" -map "[v]" loop.mp4
```

धबधब्यासारख्या दृश्याला अखंड फिरतं करायचं असेल तर क्लिपचा शेवट तिच्याच सुरुवातीवर सावकाश विरघळवा. काही साधनांत पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम देता येतात. दोन्हीकडे एकच फोटो दिला तर मॉडेल बरेचदा काहीच न हलवता सुटका करून घेतं, हे ध्यानात ठेवा.

क्लिप पाच-दहा सेकंदांचीच का? शेवटची फ्रेम देऊन पुढे वाढवता येत नाही का?

सगळी क्लिप एकदम तयार होते, त्यामुळे लांबी वाढली की लागणारी मेमरी आणि वेळ भराभर वाढतो. शिवाय मॉडेल ज्या लांबीवर शिकलं त्यापलीकडे त्याची पकड सुटते. २०२३ मध्ये आलेलं स्टेबल व्हिडिओ डिफ्युजन १४ किंवा २५ फ्रेमच देत असे. त्या मानाने आजचे पाच, आठ, दहा सेकंद पुष्कळ आहेत.

शेवटची फ्रेम पुढच्या क्लिपची पहिली फ्रेम म्हणून देता येते, आणि लोक तसं करतातही. पण त्या फ्रेममध्ये चेहरा आधीच थोडा सरकलेला असतो. आता तोच मूळ चेहरा ठरतो. दुसऱ्या क्लिपच्या शेवटी आणखी सरकतो. रंगही गडद होत जातात, सावल्या काळवंडतात, कातडी मेणासारखी होते. हालचालीचीही गाठ दिसते, कारण पडदा डावीकडे निघाला होता की उजवीकडे हे एका स्थिर फ्रेमवरून कळत नाही. जोडाच्या ठिकाणी तो क्षणभर अडखळतो. लांब दृश्य हवंच असेल तर मूळ फोटोपासूनच वेगवेगळ्या क्लिप काढा, एक पडद्याची, एक चेहऱ्याची जवळून कापलेली, आणि त्या कट मारून जोडा.

कॅमेरा फिरवला तर?

सावकाश पुढे जाणारा कॅमेरा सगळ्यात सुरक्षित. पुढे जाताना कडेचा भाग चौकटीबाहेर जातो, नवं काही दाखवावं लागत नाही. मागे सरकलं किंवा बाजूला वळलं की फोटोच्या चौकटीबाहेरचं जग रचावं लागतं. निसर्गचित्रात ते खपून जातं. ओळखीच्या घराच्या फोटोत बाजूला नसलेली खोली उगवते. वस्तूभोवती कॅमेरा फिरवणं हे तर न दिसलेली मागची बाजू मागण्यासारखंच आहे.

आणखी एक धोका असा की कॅमेरा हलला की मास्क लावून मूळ फोटो खाली ठेवण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून मी मॉडेलकडून कॅमेरा स्थिर मागते आणि झूम नंतर एडिटरमध्ये देते.

सगळं फार संथ हलतं, किंवा काहीच हलत नाही. का?

फोटोत हालचालीची खूण नसेल तर मॉडेल सुरक्षित मार्ग धरतं, म्हणजे हळू झूम किंवा नुसतं तरंगणं. स्टेबल व्हिडिओ डिफ्युजनमध्ये यासाठी `motion_bucket_id` हा आकडा होता, नेहमीचा १२७. तो वाढवला की हालचाल वाढे आणि त्याच प्रमाणात चेहरेमोहरे वितळत. आताच्या साधनांत हे काम बहुतेक प्रॉम्प्टमधल्या क्रियापदांवर चालतं. ‘हलतो’ ऐवजी ‘वाऱ्याने फडफडतो’ असं नेमकं क्रियापद द्या. संथपणा उरलाच तर क्लिप एडिटरमध्ये सव्वा किंवा दीडपट वेगाने चालवा. जोरात हालचाल मागून बिघडलेलं चित्र घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

रेखाचित्र किंवा रंगवलेलं चित्र हलवताना रेषा का थरथरतात? आणि ते मध्येच थ्रीडीसारखं का दिसू लागतं?

शाईची बारीक रेषा एक-दोन पिक्सेलची असते. आक्रसताना ती ८ × ८ च्या घरात विरून जाते आणि पसरवताना पुन्हा काढावी लागते. दर वेळी जाडी आणि जागा किंचित बदलते, म्हणून थरथर. तिरप्या रेघांनी भरलेली छाया यात सर्वाधिक त्रास देते, तिथे मुंग्या चालल्यासारखं दिसतं. अशा जागा मास्क करून मूळ चित्रातल्याच ठेवाव्यात, किंवा देण्याआधी त्या रेघांऐवजी सपाट करडा रंग भरून पाहावा.

थ्रीडीचं कारण वेगळं आहे. मॉडेलने पाहिलेल्या व्हिडिओंत खरं जग पुष्कळ आणि हाताने काढलेलं ॲनिमेशन त्या मानाने कमी. सपाट रंगाचा चेहरा वळवायला सांगितला की ते त्याला खऱ्या डोक्यासारखा गोलावा आणि छाया देतं. प्रॉम्प्टमध्ये `flat 2D illustration, hand-drawn, constant flat shading` असं काही लिहून थोडा फरक पडतो. हालचाल एकाच प्रतलात ठेवली तर फरक जास्त पडतो. पात्राने बाजूला झुकावं, हात वर करावा, पण प्रेक्षकाकडे किंवा मागे वळू नये.

अति गुळगुळीत हालचालही चित्राला परकी वाटते. हाताने केलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी प्रत्येक रेखाटन बरेचदा दोन फ्रेम टिकतं, म्हणजे खरी चित्रं १२च. तुमची २४ फ्रेमची क्लिप १२ वर आणली की ती एकदम चित्राच्या जातीची दिसू लागते, आणि थरथरही अर्धी होते:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "fps=12" drawn.mp4
```

इथे मधल्या फ्रेम भरणारं सॉफ्टवेअर मुळीच वापरू नका.

फोटोतली अक्षरं आणि आकडे का बिघडतात?

चेहऱ्याच्याच कारणाने. अक्षर लहान असलं की दोन-तीन घरांत मावतं आणि पुन्हा काढताना अक्षरासारखा नुसता आकार उरतो. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार मुळातच बारीक असल्यामुळे ते आधी गळतात. पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, कोपऱ्यातली सही हे सगळं मास्कने मूळ फोटोतलंच ठेवा. मजकूर हलत्या वस्तूवर असेल, उदाहरणार्थ फडकणाऱ्या झेंड्यावर, तर त्याला सध्या चांगला उपाय नाही. ती वस्तू स्थिर ठेवा.

पहिल्याच फ्रेमला रंग किंचित बदललेला दिसतो. फाइल बिघडली का?

नाही. आक्रसून पुन्हा पसरवताना पहिली फ्रेमही हुबेहूब राहत नाही, शिवाय व्हिडिओच्या फाइलमध्ये रंग साठवण्याची पद्धत वेगळी असते. फोटोवरून क्लिपवर थेट जाणार असाल तर उडी दिसते. पहिली फ्रेम मूळ फोटोशी ताडून क्लिपची उजळता जुळवा, किंवा दोन्ही पाव सेकंद एकमेकांत विरघळवा.

दिवंगत व्यक्तीचा फोटो हलता करावा का?

घरातल्या सगळ्यांना आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं. एखाद्याला त्या हसण्याने आधार वाटतो, दुसऱ्याला ते ‘त्यांचं’ हसू नाही हे पाहून त्रास होतो, आणि दोन्ही भावना खऱ्या आहेत. तोंड हलवून बोलायला लावू नये. जे ती व्यक्ती कधी बोलली नाही ते तिच्या तोंडी जातं. पडदा, झाड, प्रकाश हलवून माणूस स्थिर ठेवला तरी फोटोत जिवंतपणा येतो, आणि चेहरा मूळचाच राहतो.

क्लिप पुढे पाठवताना ती फोटोवरून तयार केली आहे हे तिच्यावरच लिहा आणि मूळ स्कॅन वेगळा जपा. गूगलच्या व्हेओच्या क्लिपमध्ये सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण असते, पण ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांना कळत नाही. काही वर्षांनी घरातल्याच कोणाला ते खरं चित्रीकरण वाटू नये, यासाठी लिहिलेली ओळच कामी येते.

कधी नाद सोडून द्यावा?

पुरेसा मोठा चेहरा, स्थिर कॅमेरा, नेमका प्रॉम्प्ट आणि वेगवेगळे सीड देऊनही तीच जागा पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर अडचण नशिबाची नाही. त्या जागेची पुरेशी माहिती फोटोतच नाही. समूहफोटोत हे हमखास होतं. तिथे माणसं कापून वेगळ्या थरात ठेवा, मागची पार्श्वभूमी थोडी मोठी करा आणि दोन्ही थर वेगवेगळ्या वेगाने सरकवा. खोलीचा भास येतो आणि एकाही चेहऱ्याचा पिक्सेल बदलत नाही. तेही नको असेल तर ६०० डीपीआयच्या स्कॅनवरून एका चेहऱ्याकडून दुसऱ्याकडे सावकाश सरकणारा साधा झूम एडिटरमध्ये द्या. ३६०० पिक्सेलच्या स्कॅनमध्ये १२८० पिक्सेलची चौकट फिरवायला भरपूर जागा असते.